पाच तारखेचा हप्ता, सात तारखेचा पगार

महिन्याच्या ५ तारखेला कर्जाचा हप्ता आणि ७ तारखेला पगार, अशी गाठ पडलेली हजारो घरं आपल्याकडे आहेत. बहुतेकांच्या बाबतीत ती नोकरी बदलल्यावर पडते. कर्ज घेतलं तेव्हाची कंपनी महिनाअखेरीला पगार करायची, म्हणून ५ तारीख सोयीची वाटली. नवी कंपनी ७ तारखेला पगार करते. यात तिचं काही चुकत नाही. वेतन संहिता, २०१९ नुसार महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत द्यायचा असतो. त्याआधीच्या १९३६ च्या कायद्यातही हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी सात तारखेचीच मर्यादा होती आणि त्याहून मोठ्या ठिकाणी दहा तारखेची. म्हणजे सात तारखेला झालेला पगार कायद्याच्या हिशेबी वेळेवर झालेला असतो. पाच तारखेला न भरलेला हप्ता मात्र त्याच दिवशी थकतो.

पूर्वी सुट्ट्यांमुळे थोडी उसंत मिळायची. हप्त्याच्या दिवशी रविवार किंवा बँकेची सुट्टी आली की वळती पुढच्या कामाच्या दिवशी जायची. १ ऑगस्ट २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने ‘नाच’ ही वसुलीची यंत्रणा आठवड्याचे सातही दिवस चालू केली. आपण कर्ज घेताना सही करतो किंवा ओटीपी देतो त्या मॅन्डेटवर हीच यंत्रणा आपल्या खात्यातून हप्ता उचलते. आता रविवारी सकाळीही हप्ता कापला जाऊ शकतो. पगाराची रक्कमही याच यंत्रणेतून सुट्टीच्या दिवशी जमा होऊ शकते, पण त्यासाठी कंपनीच्या हिशेब खात्याने ती वेळेत पाठवायला हवी. रविवारी सात तारीख आली तर पगार शुक्रवारी होईल की सोमवारी, हे त्या खात्यावर अवलंबून राहतं.

खात्यात पैसे नसताना हप्ता कापायला आला की तो परत जातो आणि मग दोन्हीकडून आकार लागतो. कर्ज देणारी संस्था बाउन्सचा आकार लावते आणि ज्या बँकेत आपलं खातं आहे ती मॅन्डेट परत गेल्याचा वेगळा आकार लावते. रकमा संस्थेनुसार बदलतात, पण दोन्ही मिळून एका वेळचा फटका अनेकांना पाचशे ते हजार रुपयांच्या आसपास बसतो. वर उशिराचा दंड वेगळा. हे दर महिन्याला व्हायला लागलं की वर्षाकाठी एखादा लहान हप्ता नुसत्या आकारातच जातो, आणि कर्जखात्यावर उशिराच्या नोंदी साचतात त्या निराळ्याच.

म्हणून माणूस शाखेत जातो किंवा कस्टमर केअरला फोन लावतो आणि तारीख पाचची दहा करून मागतो. होकार मिळतो आणि पाठोपाठ एक वाक्य येतं: “ब्रोकन पिरियडचं व्याज लागेल.” मागणाऱ्याला वाटतं, आणखी एक दंड लागला. माझं म्हणणं असं की हा दंड नाही. ते जास्तीच्या दिवसांचं साधं व्याज आहे आणि चौथीच्या गणितातून ते आपलं आपल्याला काढता येतं. ते काढता आलं की तारीख बदलणं परवडेल का, हेही कळतं आणि लावलेली रक्कम बरोबर आहे का, हेही.

एक उदाहरण घेऊ. नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात नव्याने लागलेली परिचारिका आहे असं समजा. घराचं कर्ज आहे, व्याजदर ९ टक्के. ५ सप्टेंबरचा हप्ता भरल्यावर २४ लाख रुपये मुद्दल शिल्लक राहिलं आणि अजून १५ वर्षांचे हप्ते बाकी आहेत. हप्ता येतो २४,३४२ रुपये. २४ लाखांवर ९ टक्क्यांनी महिन्याचं व्याज होतं १८,००० रुपये, म्हणजे ऑक्टोबरच्या हप्त्यातले १८,००० व्याजापोटी जाणार आणि उरलेले ६,३४२ मुद्दलात वळते होणार. नव्या रुग्णालयात पगार ७ तारखेला होतो, म्हणून तिने हप्त्याची तारीख १० करून मागितली आहे.

५ ऑक्टोबरला जो हप्ता यायचा तो आता १० ऑक्टोबरला येईल. सप्टेंबरच्या हप्त्यापासून तो एरवी ३० दिवसांनी आला असता, आता ३५ दिवसांनी येणार. हे मधले पाच दिवस २४ लाख रुपये तसेच वापरात राहणार, कारण त्यातले ६,३४२ रुपये अजून परत गेलेले नाहीत. या पाच दिवसांचं व्याज काढायचं तर शिल्लक मुद्दलाला वार्षिक व्याजदराने गुणायचं, ३६५ ने भागायचं आणि दिवसांनी गुणायचं. २४ लाखांचे ९ टक्के म्हणजे वर्षाला २,१६,००० रुपये. त्याला ३६५ ने भागलं की दिवसाचं व्याज येतं ५९१ रुपये ७८ पैसे. पाच दिवसांचं झालं २,९५९ रुपये.

हाच तो ब्रोकन पिरियड, ज्याला कागदोपत्री मराठीत कुठे कुठे ‘खंडित कालावधी’ म्हणतात. १० ऑक्टोबरला तिच्या खात्यातून नेहमीचे २४,३४२ आणि हे २,९५९ असे मिळून २७,३०१ रुपये जातील. १० नोव्हेंबरला पुन्हा २४,३४२, डिसेंबरलाही तेवढेच. हा भुर्दंड दर महिन्याला बसणार का, असं मला अनेकांनी विचारलं आहे. नाही, तो एकदाच. नोव्हेंबरपासून हिशेब दहा तारखेपासून दहा तारखेपर्यंत चालतो, त्यात पुन्हा महिन्याभराचेच दिवस येतात. उरलेल्या १८० हप्त्यांपैकी प्रत्येक हप्ता ती पाच दिवस उशिरा भरणार आहे, त्या सगळ्या सवलतीची किंमत या एकाच रकमेत भरून झालेली असते. म्हणूनच शेवटचा हप्ताही पाच दिवस पुढे जातो, हप्त्यांची संख्या मात्र तेवढीच राहते.

इथे पैशांच्या बारीक फरकाची एक जागा आहे. काही संस्था दिवसाचं व्याज काढताना वर्षाचे ३६५ दिवस धरत नाहीत, महिन्याच्या व्याजाला ३० ने भागतात. मग १८,००० भागिले ३० म्हणजे ६०० रुपये रोज आणि पाच दिवसांचे ३,००० होतात. ४१ रुपयांचा फरक. त्यासाठी भांडत बसण्यात अर्थ नाही, पण कोणत्या पद्धतीने काढलं हे विचारून ठेवावं, म्हणजे आपला आकडा आणि त्यांचा आकडा का जुळत नाही याचं कोडं राहत नाही.

व्याज किती लागणार हे तीन गोष्टींवर ठरतं: मुद्दल, दर आणि दिवस. म्हणून घराच्या कर्जात पाच दिवसांना तीन हजार लागतात, तर दुचाकीच्या कर्जात ते जाणवतही नाहीत. ६०,००० रुपये शिल्लक आणि १२ टक्के दर असेल तर रोजचे जेमतेम २० रुपये, पाच दिवसांचे ९९. लहान कर्जात खरा भार तारीख बदलण्याच्या सेवाशुल्काचा असतो. अनेक संस्था या बदलासाठी काही शे रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेतात. समजा ५०० रुपये शुल्क असेल तर जीएसटीसह ५९० झाले, म्हणजे व्याजाच्या सहापट. त्यामुळे लहान कर्जाच्या बाबतीत पहिला प्रश्न शुल्काचा विचारावा आणि मोठ्या कर्जाच्या बाबतीत दिवसांचा.

आता हे २,९५९ रुपये वसूल कसे होणार, हा प्रश्न लोक विचारत नाहीत, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. काही ठिकाणी ही रक्कम बदल करण्याआधीच रोख भरून घेतात. काही ठिकाणी ती पुढच्या हप्त्यात जोडतात, जसं आपण वर धरलं. तिसरी तऱ्हा म्हणजे ती काहीही न सांगता मुद्दलात मिळवून टाकायची. तिसऱ्या प्रकारात खात्यातून एक रुपयाही जास्त जात नाही, त्यामुळे ‘काही लागलंच नाही’ असं वाटून माणूस खूश होतो. पण मुद्दलात गेलेल्या त्या रकमेवर पुढची पंधरा वर्षं ९ टक्क्यांनी व्याजावर व्याज चढत राहतं. हप्ता तेवढाच ठेवला आणि दर बदलला नाही, तर २,९५९ चे कर्जाच्या शेवटी सव्वाअकरा हजारांच्या घरात होतात. शेवटच्या हप्त्यानंतर जवळजवळ अर्ध्या हप्त्याएवढी बाकी निघते, आणि तोवर ती कशाची हे कुणाला आठवतही नसतं. अर्थात हातात रोख पैसे नसतील तर मुद्दलात मिळवणं हा गुन्हा नाही, ते कर्जच आहे आणि कर्जाच्याच दराने आहे. पण ते आपल्याला विचारून झालेलं असावं. शक्य असेल तर एकदाच भरून मोकळं व्हावं, असं मी सांगेन.

तारीख मागे आणायची असेल तेव्हा गणित उलट फिरतं, आणि तिथे बरेच जण फसतात. समजा हिचाच हप्ता १५ तारखेला होता आणि नव्या ठिकाणी पगार १ तारखेला होतो, म्हणून तिला ५ तारीख हवी आहे. १५ सप्टेंबरचा हप्ता भरला, २४ लाख शिल्लक. पुढचा हप्ता ५ ऑक्टोबरला आला तर मध्ये फक्त २० दिवस जातात. रोजच्या हिशेबाने व्याज झालं ११,८३६ रुपये. हप्ता पूर्ण २४,३४२ चा भरला, तर मुद्दलात ६,३४२ च्या जागी १२,५०६ रुपये वळते होतात. यात ब्रोकन पिरियडचं व्याज लागण्याचा प्रश्नच नाही, उलट त्या महिन्यात व्याज कमी लागायला हवं. पण संस्थेने ऑक्टोबर सोडून नवी तारीख थेट ५ नोव्हेंबरपासून लावली, तर १५ ऑक्टोबरचा हप्ता २१ दिवस पुढे जातो आणि २१ दिवसांचं १२,४२७ रुपये व्याज जास्तीचं लागतं. अर्ज तोच आणि नवी तारीखही तीच, पण एका महिन्याच्या फरकाने हिशेबात बारा हजार वाढले. वर ‘ऑक्टोबरमध्ये हप्ता नाही’ असं सांगितलं की ते बक्षीस वाटतं. म्हणून नुसती ‘५ तारीख करा’ असं लिहू नये. ‘५ ऑक्टोबरच्या हप्त्यापासून’ असं महिन्यासकट लिहावं. वीस दिवसांत दोन हप्ते भरावे लागतील याची तयारी मात्र आधी करायला हवी.

कोणती तारीख निवडायची, याबद्दल माझं मत ठाम आहे. पगाराच्या दिवशीचीच तारीख घेऊ नये. वळतीची फाईल बहुधा सकाळी लागते आणि पगार दुपारी किंवा संध्याकाळी जमा होतो, त्यामुळे एकाच दिवशी दोन्ही असले तरी हप्ता परत जाऊ शकतो. सात तारखेचा पगार असेल तर दहा तारीख बरी. मध्ये शनिवार-रविवार आला तरी पुरतो. त्याहून लांबची, पंधरा-वीस तारीख घेण्यात तोटा आहे. एक तर प्रत्येक जास्तीच्या दिवसाचे ५९२ रुपये मोजावे लागतात आणि दुसरं म्हणजे पगारानंतर हप्ता जितका लांब, तितके त्या पैशांना पाय फुटतात. बहुतेक संस्था महिन्यातली कोणतीही तारीख देत नाहीत, त्यांच्या ठरलेल्या तीन-चार तारखांमधूनच निवडायला सांगतात. तारीख बदलून मिळणं हा आपला हक्कही नाही, ते त्या संस्थेच्या धोरणावर असतं. मागची थकबाकी असेल तर बहुधा आधी ती भरायला सांगतात.

अर्ज मंजूर झाल्यावरचा पहिला महिना सर्वांत नाजूक असतो. कर्जखात्यात तारीख बदलली जाते एका यंत्रणेत आणि हप्ता कापण्याचा आदेश असतो दुसरीकडे, तुमच्या पगाराच्या बँकेत नोंदवलेल्या मॅन्डेटमध्ये. कर्ज आणि पगार एकाच बँकेत असतील तर काम सोपं, स्थायी सूचनेची तारीख तेवढी बदलावी लागते. दोन्ही वेगळ्या ठिकाणी असतील तर काही संस्था जुन्याच मॅन्डेटवर नवी तारीख चालवतात आणि काही नवं मॅन्डेट मागतात. नवं नोंदवून ते बँकेकडून मंजूर व्हायला काही दिवस जातात. शिवाय हप्त्याची फाईल ठरलेल्या तारखेच्या काही दिवस आधीच तयार झालेली असते. म्हणून ऑक्टोबरपासून बदल हवा असेल तर सप्टेंबरचा हप्ता गेल्या गेल्या अर्ज द्यावा. ऑक्टोबरच्या २-३ तारखेला दिलेला अर्ज त्या महिन्यात लागू होईल, अशी आशा धरू नये. नवं मॅन्डेट मंजूर झाल्याचा निरोप येईपर्यंत जुनं रद्द करू नये, आणि पहिल्या महिन्यात जुन्या तारखेलाही खात्यात हप्त्याएवढी रक्कम राहील अशी सोय करावी. जुना आदेश चुकून लागला तरी बाउन्स होत नाही.

मॅन्डेटमध्ये आणखी एक खाच आहे. त्यावर जास्तीत जास्त किती रक्कम उचलता येईल ती मर्यादा लिहिलेली असते. आपल्या उदाहरणातल्या परिचारिकेचं मॅन्डेट २५,००० रुपयांपर्यंतचं असेल, तर २४,३४२ चा हप्ता नीट जाईल, पण व्याज जोडून झालेली २७,३०१ ची मागणी खात्यात पैसे असूनही परत जाईल. अनेक संस्था हप्त्यापेक्षा बऱ्याच मोठ्या रकमेचं मॅन्डेट घेतात, त्यामुळे सगळ्यांना ही अडचण येत नाही. तरी बँकेच्या ॲपमध्ये मॅन्डेटच्या यादीत जाऊन ती मर्यादा पाहून घ्यावी. ती कमी पडत असेल तर जास्तीचं व्याज वेगळं भरून पावती घ्यावी.

मग कर्जखात्याचं स्टेटमेंट काढायचं. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर, दोन महिन्यांचं पुरे. या उदाहरणात ऑक्टोबरच्या ओळींमध्ये तीन रकमा दिसायला हव्यात: महिन्याचं व्याज १८,०००, पाच दिवसांचं व्याज २,९५९ आणि जमा २७,३०१. शिल्लक मुद्दल २३,९३,६५८. या जागी पाच दिवसांच्या व्याजाचा आकडा ३,६९९ च्या आसपास दिसला, तर कुणीतरी शिल्लक मुद्दलाऐवजी मूळ मंजूर झालेल्या कर्जावर, समजा ३० लाखांवर, व्याज काढलं आहे. आकडा १८,००० दिसला तर पाच दिवसांसाठी पूर्ण महिन्याचं व्याज लावलं आहे. या दोन्ही चुका मोठ्या असतात आणि लगेच डोळ्यांत भरतात.

लपून राहणारी चूक नोव्हेंबरच्या ओळीत असते. १० नोव्हेंबरच्या हप्त्यातलं व्याज १० ऑक्टोबरपासूनचं असायला हवं. २३,९३,६५८ वर ९ टक्क्यांनी महिन्याचं व्याज येतं १७,९५२. संस्था रोजचा हिशेब ठेवत असेल तर ३१ दिवसांचं १८,२९७ येईल, तेही ठीक. पण तिथे २१,२४८ किंवा त्याच्या जवळपासचा आकडा असेल, तर व्याज ५ ऑक्टोबरपासून ३६ दिवसांचं धरलं आहे. म्हणजे ज्या पाच दिवसांचे २,९५९ आधीच घेतले, त्याच पाच दिवसांचं व्याज पुन्हा लावलं. हप्त्याची रक्कम न बदलल्यामुळे हे खातेदाराच्या लक्षात येत नाही, फक्त मुद्दल नेहमीपेक्षा कमी घटतं. त्यासाठीच बदलानंतर नव्या तारखांचं परतफेडीचं वेळापत्रक लेखी मागून घ्यावं आणि नोव्हेंबरअखेरचं शिल्लक मुद्दल त्याच्याशी ताडून पाहावं. या एका आकड्यात सगळ्या चुका पकडता येतात.

चूक सापडली की तक्रार लेखी करावी, त्यात मुद्दल, दर, दिवस आणि आपला आकडा मांडावा. असा हिशेब समोर ठेवला की शाखेतला अधिकारी फाटे फोडत नाही, कारण त्याला तो कॅल्क्युलेटरवर तिथल्या तिथे करून पाहता येतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. त्याचं संकेतस्थळ cms.rbi.org.in आहे.

रिझर्व्ह बँकेनेही या दिवसांच्या हिशेबात लक्ष घातलं आहे. २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात तिने पाहणीत आढळलेल्या अनेक संस्थांच्या पद्धती नोंदवल्या. कर्ज प्रत्यक्ष हातात पडण्याआधीच, मंजुरीच्या किंवा कराराच्या तारखेपासून व्याज लावणं ही त्यातली एक. महिन्याच्या मध्ये कर्ज दिलं किंवा फेडलं गेलं तरी पूर्ण महिन्याचं व्याज घेणं ही दुसरी. असं घेतलेलं व्याज ग्राहकांना परत करायला लावल्याचंही तिथे म्हटलं आहे. जेवढे दिवस पैसे वापरात, तेवढ्याच दिवसांचं व्याज, हे यामागचं तत्त्व आहे. त्याआधी, ऑगस्ट २०२३ मध्ये, दंड व्याजदरात मिसळून ‘दंडव्याज’ म्हणून घ्यायला तिने मनाई केली. दंड वेगळा आकार म्हणून दाखवायचा आणि त्यावर पुन्हा व्याज चढवायचं नाही. त्यामुळे तुमच्या स्टेटमेंटमध्ये मधल्या दिवसांचं व्याज आणि उशिराचा दंड एकाच ओळीत दिसत असतील, तर ते वेगळे करून मागण्यात काहीच वावगं नाही.

नवं कर्ज घेणाऱ्यांना तर हा सगळा खटाटोप टाळता येतो. सही करतानाच पगाराची तारीख सांगून पुढची तारीख मागावी, तेव्हा शुल्क नसतं. ब्रोकन पिरियड मात्र तिथेही असतो. कर्ज १८ जूनला खात्यात आलं, हप्त्याची तारीख ५ असेल आणि पहिला हप्ता ५ ऑगस्टला धरला असेल, तर १८ जून ते ५ जुलै या १७ दिवसांचं व्याज वेगळं लागतं. काही जण ते कर्जाच्या रकमेतूनच आधी कापून घेतात आणि हातात कमी रक्कम पडली की ग्राहक चक्रावतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासोबत मुख्य तपशिलांचं पत्रक देणं बंधनकारक आहे आणि त्यात न दाखवलेला आकार ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. पुढे तारीख बदलायची वेळ आली तर किती शुल्क पडेल, हे त्या पत्रकात आणि कर्जाच्या करारात आधीच पाहून ठेवता येतं.

तारीख बदलणं प्रत्येकाच्या हिताचंच असतं असं नाही. एका हप्त्याएवढी रक्कम कायम खात्यात ठेवणं ज्यांना जमतं, त्यांना तारखेचा प्रश्नच उरत नाही. मोठ्या कर्जात वीस-पंचवीस दिवसांनी तारीख पुढे न्यायची असेल तर बारा ते पंधरा हजार व्याज जातं. तेवढ्यात हप्त्याची निम्मी शिल्लक उभी राहते. अशा वेळी एखाद्या बोनसमधून किंवा फरकाच्या रकमेतून ही शिल्लक बाजूला काढणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. पगारदारांच्या पतसंस्थेचं कर्ज असेल तर हप्ता बहुधा पगारातूनच परस्पर कापला जातो, महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ४९ मध्ये त्याची तरतूद आहे. तिथे हप्ता पगाराच्या आधी येण्याचा प्रश्न नसतो.

आणि ज्यांच्या पगाराची तारीखच पक्की नाही त्यांना हा उपाय अर्धाच लागू पडतो. अनुदानित शाळांमधल्या कितीतरी शिक्षकांचा पगार कधी एक तारखेला होतो, तर कधी दहा तारीख उलटून जाते. कंत्राटी कामगारांचंही तसंच. त्यांनी दहाची पंधरा करून घेतली आणि पुढच्या महिन्यात पगार अठराला झाला, तर पाच दिवसांचं व्याजही गेलं आणि हप्ताही परत गेला. अशांनी आधी वर्षभराचं पासबुक उघडून पगार सर्वांत उशिरा कोणत्या तारखेला झाला ते पाहावं. ती तारीख आणि आत्ताची हप्त्याची तारीख यांच्यातल्या दिवसांचं व्याज वरच्या रीतीने काढावं, वर्षभरात बाउन्सपायी गेलेल्या रकमेशी ते ताडून पाहावं आणि मगच अर्ज लिहायला घ्यावा.